तीन कोटेशनं, एक शिफारस : ग्रुप हेल्थ पॉलिसीच्या रिन्युअलचा ईमेल ब्रोकरने कसा लिहावा

ग्रुप हेल्थच्या रिन्युअलला ब्रोकरकडून कंपनीला जो ईमेल जातो, तो बहुतेकदा एका मोठ्या तक्त्याला जोडलेलं पत्र असतं. तक्त्यात तीस-पस्तीस ओळी, तीन विमा कंपन्यांचे तीन रकाने, आणि शेवटी ‘आपला निर्णय कळवावा’. सुरुवातीची काही वर्षं मीही असेच ईमेल पाठवले. समोरच्या फायनान्स प्रमुखांनी त्यातली एकच ओळ वाचली, प्रीमियमची, आणि सगळ्यात कमी आकड्याला होकार दिला. पाचव्या महिन्यात एका कर्मचाऱ्याचा फोन आला. वडिलांचं ऑपरेशन झालं होतं, पाच लाखांचं कव्हर शिल्लक होतं, तरीही डिस्चार्जच्या वेळी सत्तर हजारांच्या वर रक्कम स्वतः भरायला सांगत होते. कारण तक्त्यातल्या एकोणिसाव्या ओळीत होतं. ती ओळ मी लिहिली होती, पण तिचा अर्थ मी कुणालाही सांगितला नव्हता.

तेव्हापासून माझा ईमेल एकाच प्रश्नाभोवती बांधलेला असतो: तीन कोटेशनांमध्ये जो फरक दिसतो आहे, तो शेवटी कोण भरणार? ईमेल लिहायला अर्धा तास लागतो, त्याआधीचं काम मात्र दोन-तीन आठवड्यांचं असतं. म्हणून इथे त्या कामापासून सुरुवात करतो. उदाहरणासाठी एक मध्यम आकाराची कंपनी घेऊ: ४२० कर्मचारी, जोडीदार, मुलं आणि आई-वडील धरून १,३१० सदस्य, प्रत्येक कुटुंबाला ५ लाखांचं कव्हर, पॉलिसी ३१ मार्चला संपते, चालू वर्षाचा प्रीमियम कर वगळून ९६ लाख. पुढचे सगळे आकडे लाखांत आणि कर वगळून आहेत. तुमच्या ईमेलमध्येही हे एका वाक्यात लिहा, कारण एका कोटेशनात कर धरलेला आणि दुसऱ्यात नाही, असं सर्रास असतं.

आधी स्वतःचा आकडा काढा

विमा कंपन्यांचे दर येण्याआधी आपल्याला आपला अंदाज माहीत असला पाहिजे. तो नसेल तर आलेला दर महाग की स्वस्त, हे कळायला फक्त दुसऱ्या दोन दरांचा आधार उरतो, आणि ते दोन्ही चुकीचे असू शकतात.

पॉलिसी संपायच्या साधारण दोन महिने आधी टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडे, क्लेमची संपूर्ण यादी मागा. नुसता सारांश घेऊ नका. यादीत प्रत्येक क्लेमसाठी दाखल झाल्याची तारीख, रुग्णाचं कर्मचाऱ्याशी नातं, हॉस्पिटल, बिलाची रक्कम, मंजूर रक्कम आणि कपातीचं कारण हवं. रूम रेंटचा रकाना सहसा नसतो, तो वेगळा मागावा लागतो. मिळालाच नाही, तर निदान मोठ्या क्लेमची बिलं मागवून त्यातून भाडं काढा. हे का लागणार, ते पुढे येईलच.

आपल्या उदाहरणात ३१ जानेवारीपर्यंत, म्हणजे दहा महिन्यांत, ७२ लाखांचे क्लेम दिले गेले आहेत आणि ९ लाखांचे प्रलंबित आहेत. एकूण ८१. आता इथे जी चूक मी सगळ्यात जास्त वेळा पाहिली आहे ती सांगतो. ८१ ला ९६ ने भागतात आणि ‘क्लेम रेशो ८४ टक्के’ असं कंपनीला कळवतात. कंपनी खूश होते, रिन्युअलला फारशी वाढ होणार नाही अशी तिची समजूत होते, आणि महिनाभराने २९ टक्के वाढीचं कोटेशन आलं की ब्रोकरवरचा विश्वास उडतो.

क्लेम दहा महिन्यांचे आहेत, तर प्रीमियमही दहा महिन्यांचाच धरायला हवा: ९६ चे दहा-बारांश, म्हणजे ८०. (सदस्यसंख्या वर्षभर फारशी हलली नसेल तरच हे सरळ गणित चालतं. वर्षाच्या मध्यात मोठी भरती झाली असेल तर त्या प्रीमियमचा हिशेब वेगळा करा.) शिवाय जानेवारीत दाखल झालेले, पण कागद अजून टीपीएकडे न पोहोचलेले क्लेम असतात. खिशातून पैसे भरून नंतर परतावा मागणाऱ्यांचे कागद महिनाभर मागे असतात. मागच्या वर्षी असे किती क्लेम नंतर उगवले ते पाहून इथे ४ लाख धरले. म्हणजे ८५ भागिले ८०, रेशो १०६ टक्के. ८४ आणि १०६ या दोन आकड्यांतून रिन्युअलची दोन अगदी वेगळी चित्रं उभी राहतात.

आता पूर्ण वर्षाचा अंदाज. ८५ ला सरळ बारा-दशांशाने गुणलं तर १०२ येतात. पण यादी नीट पाहिली तर त्यात एकच ११ लाखांचा क्लेम आहे: ५ लाख कुटुंबाच्या कव्हरमधून, ६ लाख कंपनीच्या राखीव बफरमधून, म्हणजे कुटुंबाचं कव्हर संपल्यावर वापरायच्या सामाईक रकमेतून. असा क्लेम वर्षात एखादाच होतो. त्याला बारा-दशांशाने गुणणं म्हणजे तो १३.२ लाखांचा होता असं म्हणणं. म्हणून तो बाजूला काढा, उरलेले ७४ गुणून ८८.८ करा, आणि ११ जसेच्या तसे मिळवा. उत्तर येतं ९९.८. पुढच्या वर्षी उपचारांचे दर दहा टक्क्यांनी वाढतील असं धरलं तर अपेक्षित क्लेम साधारण ११० लाख. विमा कंपनीला त्यावर स्वतःचा खर्च काढायचा असतो. म्हणजे चालू अटींवर १२० च्या आसपासचा दर हा वाजवी दर आहे. हा आकडा कागदावर लिहून ठेवा.

कोटेशनं एका पातळीवर आणा

आलेली तीन कोटेशनं अशी आहेत. सध्याची विमा कंपनी, तिला अ म्हणू, १२४ लाख मागते, अटी त्याच. ब कंपनी १०८ मागते. क कंपनी ११६. नुसत्या आकड्यांवर ब सोळा लाखांनी स्वस्त. कंपनीच्या बैठकीत कुणीतरी हा फरक फळ्यावर लिहिणार हे गृहीत धरा.

पहिलं काम, प्रत्येक कोटेशन किती सदस्यांवर आहे ते पाहणं. हे कोटेशनच्या पहिल्या पानावर बारीक अक्षरात असतं. क ने १,२७० सदस्य धरले होते, कारण त्यांना आमच्याकडून डिसेंबरची यादी गेली होती आणि बाकी दोघांना जानेवारीची. ११६ लाख भागिले १,२७० म्हणजे माणशी सुमारे ९,१३४. १,३१० सदस्यांना तोच दर लावला तर ११९.६५ लाख. वयोगटाप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, म्हणून गुणाकारावर न थांबता नवी यादी पाठवून सुधारित कोटेशन लेखी घ्या. इथे ते ११९.६ लाखांचं आलं. क चा अर्धा स्वस्तपणा एका जुन्या यादीत होता.

मग अटींची तुलना. पस्तीस अटींपैकी बहुतेक तिन्हीकडे सारख्याच असतात, त्यावर वेळ घालवू नका. आधीच्या आजारांना पहिल्या दिवसापासून कव्हर, प्रसूतीला प्रतीक्षा कालावधी नाही, नवजात बाळाला पहिल्या दिवसापासून कव्हर: हे तिघांनीही दिलं आहे का, एवढं पाहा आणि पुढे जा. जिथे अट वेगळी आहे तिथेच थांबा. ब मध्ये दोन ठिकाणी वेगळी आहे: रूम रेंटला कव्हरच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० ची मर्यादा, आणि आई-वडिलांच्या क्लेमवर १० टक्के को-पे, म्हणजे क्लेमचा तेवढा वाटा कर्मचाऱ्याने स्वतः भरायचा. चालू पॉलिसीत सिंगल प्रायव्हेट रूम चालते, रकमेची मर्यादा नाही, को-पे नाही.

एक टक्का रूम रेंट म्हणजे नेमकं काय

ही अट वाचणाऱ्याला वाटतं, महागडी खोली घेतली तर खोलीच्या भाड्यातला फरक भरायचा. ८,००० ची खोली, ५,००० ची मर्यादा, चार दिवस. दिवसाला ३,००० प्रमाणे १२,००० जातील. एवढं कर्मचारी सोसेल, असं एचआरलाही वाटतं.

प्रत्यक्षात बहुतेक पॉलिसींमध्ये या अटीला प्रमाणशीर कपात जोडलेली असते. हॉस्पिटल खोलीच्या दर्जाप्रमाणे डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचं भाडं, नर्सिंग असे बाकीचे दरही वाढवतं. म्हणून विमा कंपनी म्हणते, तुम्ही पात्र होतात त्या खोलीच्या प्रमाणातच आम्ही हे खर्चही देऊ. चालू वर्षाच्या यादीतला एक क्लेम घेऊन हे मांडतो.

एकूण बिल २,४०,०००. त्यात चार दिवसांचं खोलीचं भाडं ३२,०००. डॉक्टर, थिएटर, नर्सिंग मिळून १,६०,०००. औषधं आणि इम्प्लांट ४८,०००. ५,००० भागिले ८,००० म्हणजे ६२.५ टक्के. भाड्याचे मिळतील २०,०००. दुसऱ्या गटाचे ६२.५ टक्के, म्हणजे १,००,०००. औषधं आणि इम्प्लांट सहसा या कपातीतून वगळलेले असतात, ते पूर्ण ४८,००० मिळतील. बेरीज १,६८,०००. कर्मचाऱ्याने भरायचे ७२,०००. आणि रुग्ण आई किंवा वडील असतील, तर या १,६८,००० वर दहा टक्के को-पे आणखी वेगळा.

जिथे लोक १२,००० धरून बसलेले असतात, तिथे ७२,००० जातात. ईमेलमध्ये अटींवर एकच उदाहरण द्यायचं असेल तर हे द्या. वर्डिंगमध्ये प्रमाणशीर कपात आहे की नाही, आणि कुठले खर्च त्यातून वगळले आहेत, हे आधी स्वतः वाचून खात्री करून घ्या. काही कंपन्या मागितल्यावर ही कपात काढून देतात. मग फक्त भाड्यातला फरक जातो आणि चित्र बरंच बदलतं. इथे ब ने नकार दिला.

आता एका क्लेमवरून सगळ्यांवर या. गेल्या दहा महिन्यांची पूर्ण यादी ब च्या अटींवर पुन्हा चालवा. रूम रेंटचा रकाना यासाठीच मागितला होता. ६१ क्लेममध्ये भाडं ५,००० च्या वर होतं, तिथली कपात मिळून ९.२ लाख. आई-वडिलांचे क्लेम ३० लाखांचे, त्यावरचा को-पे, आधीची कपात वजा जाता, २.६ लाख. दोन्ही मिळून ११.८. बारा महिन्यांना १४.२, आणि दहा टक्के दरवाढ धरून साधारण १५.६ लाख.

ब च्या कोटेशनात जो १६ लाखांचा फायदा दिसत होता, तो जवळजवळ सगळाच्या सगळा इथे आहे. कंपनीच्या खात्यातून निघून तो कर्मचाऱ्यांच्या खिशात गेला आहे, आणि तोही सगळ्यांच्या सारखा वाट्याला न येता ज्यांच्या घरी आजारपण आलं त्यांच्याच डोक्यावर. असा निर्णय कंपनीने घेऊ नये असं मी म्हणत नाही. कधीकधी पैसेच नसतात. पण तो कळून घ्यावा, आणि तो कळवणं हे ब्रोकरचं काम आहे.

या हिशेबाला एक मर्यादा आहे, ती ईमेलमध्येही लिहा. मर्यादा लागू झाली की काही जण स्वस्त खोली घेतील, त्यामुळे प्रत्यक्ष कपात थोडी कमी होईल. पण अचानक दाखल करताना दर विचारायला कुणाला सुचत नाही, आणि अनेक हॉस्पिटलांत ५,००० च्या आत खोली त्या दिवशी शिल्लक नसते. म्हणून मी हा आकडा ‘सुमारे’ म्हणून देतो, पण देतोच.

क च्या कोटेशनातली एक ओळ

क च्या अटी चालू पॉलिसीसारख्याच आहेत, बफर तेवढा २५ लाखांवरून १० वर आला आहे. चालू वर्षात बफरमधून ६ लाख वापरले गेले, तेव्हा हे चालण्यासारखं आहे. अडचण शेवटच्या पानावर होती. दर ३१ जानेवारीच्या क्लेमवर दिला आहे. पॉलिसी सुरू होईपर्यंत क्लेम दहा टक्क्यांहून जास्त वाढले तर तो बदलण्याचा हक्क राखून ठेवला आहे.

वाचायला ही अट रास्त वाटते. आकडे घालून पाहा. जानेवारीअखेर ८१, त्याच्या दहा टक्के वर म्हणजे ८९. दहा महिन्यांत ८१ म्हणजे महिन्याला आठ. काहीही वेगळं न घडता फेब्रुवारी आणि मार्च गेले तरी आकडा ९७ वर जाणार. म्हणजे ही अट लागू होणार हे आजच ठरलेलं आहे, आणि दिलेला दर मुळात दरच नाही. क ला हे दाखवल्यावर त्यांनी मर्यादा बदलून मार्चअखेर १०० लाख अशी केली. दर तोच ठेवला. सुधारणा झाली, पण ९७ आणि १०० मध्ये अंतर एका मोठ्या क्लेमचं आहे.

क कडे गेलं तर टीपीएही बदलतो. म्हणून आपल्या कर्मचाऱ्यांचे सगळ्यात जास्त क्लेम ज्या १५ हॉस्पिटलांत झाले, त्यांची यादी काढून कॅशलेस कुठे चालेल ते तपासा. नेटवर्कमध्ये हजारो हॉस्पिटलं असल्याचा आकडा इथे कामाचा नाही. क कडे १५ पैकी १३ होती, ब कडे १४. क कडे नसलेल्या दोनांपैकी एकात दोन कुटुंबांतल्या ज्येष्ठांचं डायलिसिस चालू आहे. म्हणजे दर आठवड्याला पैसे भरून नंतर परतावा मागत बसणं. एवढ्या एका गोष्टीने त्या दोन घरांचं वर्ष बदलतं.

अ शी बोलणी

सध्याच्या विमा कंपनीकडे ‘दुसरे कमी देत आहेत, तुम्हीही करा’ म्हणून गेलात तर दोन-चार टक्के मिळतात किंवा मिळत नाहीत. त्यांच्या हिशेबातली चूक घेऊन जा. अ ने १०२ हा सरळ गुणलेला आकडा धरला होता. त्या एका ११ लाखांच्या क्लेमचा रुग्ण बरा होऊन कामावर आला आहे, पुढचा उपचार बाकी नाही, आणि तरीही तो क्लेम १३.२ धरला गेला आहे, हे लेखी मांडलं. २.२ लाखांचा फरक, त्यावर दरवाढ आणि त्यांचा खर्च धरून साधारण ३ लाख होतात. सुधारित कोटेशन १२१ लाखांचं आलं.

त्याच वेळी एक पर्यायही मागून ठेवा: फक्त आई-वडिलांच्या क्लेमवर १० टक्के को-पे, रूम रेंटला मर्यादा नाही, तर दर किती? उत्तर ११७.५. हा आकडा खिशात असणं महत्त्वाचं आहे. ‘बजेट इतकं नाही’ असं उत्तर आलं की ब्रोकरकडे दुसरा प्रस्ताव नसतो आणि चर्चा परत १०८ वर जाते.

ईमेल

ईमेल एचआर आणि फायनान्स दोघांना एकाच वेळी जावा, पॉलिसी संपायच्या किमान तीन आठवडे आधी. शिफारस पहिल्या परिच्छेदात हवी. वाचणारा फोनवर वाचतो आहे, हे धरून लिहा. तक्ता पाच-सहा ओळींचा, पूर्ण तुलना सोबत जोडलेली. कर्मचाऱ्यांची नावं आणि आजार ईमेलमध्ये कुठेही येऊ देऊ नका. डायलिसिसचा मुद्दाही ‘नियमित उपचार’ म्हणूनच लिहिला, कारण छोट्या कार्यालयात तेवढ्यावरून माणूस ओळखता येतो.

आपल्या उदाहरणातला ईमेल असा होईल:

> विषय: ग्रुप हेल्थ रिन्युअल – आमची शिफारस (निर्णय १५ मार्चपर्यंत हवा)
>
> नमस्कार मॅडम, नमस्कार सर,
>
> आमची शिफारस: सध्याच्याच विमा कंपनीकडे (अ) १२१ लाखांना, चालू अटींवर रिन्युअल करावं. चालू वर्षापेक्षा ही २५ लाखांची, म्हणजे २६ टक्के वाढ आहे. वाढीचं कारण क्लेम आहेत: दहा महिन्यांच्या ८० लाख प्रीमियमसमोर ८५ लाखांचे क्लेम झाले आहेत. आमच्या हिशेबाने पुढच्या वर्षीचे अपेक्षित क्लेम साधारण ११० लाख आहेत.
>
> ब चं कोटेशन १०८ लाखांचं आहे आणि ते पहिल्या नजरेत स्वस्त वाटेल. आम्ही तुमचेच गेल्या दहा महिन्यांचे क्लेम ब च्या अटींवर पुन्हा चालवून पाहिले. रूम रेंटची मर्यादा आणि आई-वडिलांवरचा को-पे यांमुळे वर्षाला सुमारे १५.६ लाख कर्मचाऱ्यांना स्वतः भरावे लागतील. एक प्रत्यक्ष क्लेम: २,४०,००० च्या बिलात आज पूर्ण रक्कम मिळाली, ब च्या रूम रेंटच्या अटीवर कर्मचाऱ्याने ७२,००० भरले असते.
>
> | आकडे लाखांत, कर वगळून, १,३१० सदस्य | अ | ब | क |
> |---|---|---|---|
> | पहिलं कोटेशन | १२४ | १०८ | ११६ |
> | समान यादी व बोलणीनंतर | १२१ | १०८ | ११९.६ |
> | कर्मचाऱ्यांवर येणारा जादा भार (अंदाज) | ० | १५.६ | ० |
> | एकूण | १२१ | १२३.६ | ११९.६ |
> | दर पक्का आहे का | हो | हो | मार्चअखेर क्लेम १०० च्या वर गेल्यास बदलेल |
> | तुमच्या १५ हॉस्पिटलांपैकी कॅशलेस | १५ | १४ | १३ |
>
> क हा चांगला पर्याय आहे आणि १.४ लाखांनी कमी आहे. तरीही आम्ही अ सुचवतो, कारण क चा दर मार्चअखेरपर्यंत पक्का नाही (आमचा अंदाज ९७ लाखांचा आहे, मर्यादा १०० ची), टीपीए बदलेल, आणि नियमित उपचार चालू असलेल्या काही सदस्यांचं हॉस्पिटल त्यांच्या नेटवर्कमध्ये नाही. या तीन गोष्टी तुम्हाला १.४ लाखांपेक्षा कमी महत्त्वाच्या वाटत असतील, तर क घ्यायला आमची हरकत नाही.
>
> १२१ लाख बजेटबाहेर असतील, तर ब कडे जाण्याआधी हा पर्याय पाहावा: अ कडेच, फक्त आई-वडिलांच्या क्लेमवर १० टक्के को-पे, ११७.५ लाख. यात कर्मचाऱ्यांवर वर्षाला सुमारे ४ लाखांचा भार येईल, पण तो कुणालाही आधी समजावून सांगता येईल.
>
> १५.६ लाखांचा आकडा अंदाज आहे. मर्यादा कळल्यावर काही जण कमी भाड्याची खोली घेतील आणि तो थोडा घटेल.
>
> आम्हाला तिन्ही कंपन्यांकडून प्रीमियमच्या टक्केवारीत मोबदला मिळतो. म्हणजे जास्त प्रीमियमच्या शिफारशीत आमचाही फायदा आहे. हिशेबाची फाईल, नावं वगळून, सोबत जोडली आहे. तुमच्या फायनान्स टीमने ती तपासावी अशी विनंती आहे.
>
> १५ मार्चपर्यंत निर्णय मिळाला तर सदस्यांची अंतिम यादी २० मार्चपर्यंत आणि प्रीमियम २७ मार्चपर्यंत भरता येईल. प्रीमियम पोहोचल्याशिवाय नवं कव्हर सुरू होत नाही.

या ईमेलमधल्या तीन जागांबद्दल थोडं बोलायला हवं.

‘क घ्यायला आमची हरकत नाही’ हे वाक्य काढून टाकावं असं मला अनेकांनी सांगितलं आहे, त्याने शिफारस दुबळी होते म्हणून. माझा अनुभव उलटा आहे. १.४ लाखांचा फरक हा निर्णयाचा आहे, हिशेबाचा नाही, आणि तो निर्णय कंपनीचा आहे. जिथे आकडेच बोलतात, म्हणजे ब च्या बाबतीत, तिथे ठाम राहा. जिथे तोलून पाहायचं आहे, तिथे तसं सांगा. दोन्ही ठिकाणी सारखाच जोर लावला तर वाचणाऱ्याला तुमचा ठामपणा कुठे खरा आहे ते कळत नाही.

मोबदल्याचं वाक्य लिहायला सुरुवातीला अवघड जातं. पण जास्त प्रीमियमची शिफारस करणाऱ्या ब्रोकरबद्दल फायनान्सच्या मनात ती शंका असतेच, आणि ती बोलली न जाता मनात राहिली तर बाकीचा सगळा ईमेल त्या शंकेतूनच वाचला जातो.

आणि २६ टक्के वाढ दुसऱ्याच वाक्यात आहे. ती खाली ढकलली, तर वाचणारा ती शोधत राहतो आणि वरचं काही वाचत नाही.

उत्तर आल्यावर

बहुतेकदा पहिलं उत्तर फायनान्सकडून एका ओळीचं येतं: ‘ब ला रूम रेंटची मर्यादा आणि को-पे काढायला सांगा आणि १०८ वरच ठेवा.’ विचारा, जरूर विचारा. ब ने या दोन्ही अटी काढल्या तर त्यांचे अपेक्षित क्लेम ११० होतात आणि दर १०८ चा उरतो. म्हणजे क्लेमच प्रीमियमच्या वर. कुठलीही विमा कंपनी हे सहसा देणार नाही, आणि दिलंच तर पुढच्या वर्षी दर किती मागेल याचा अंदाज त्याच उत्तरात लिहून पाठवा. एका वर्षाच्या सवलतीनंतर येणारी मोठी उडी पुढच्या मार्चमध्ये तुम्हालाच समजावून सांगावी लागते.

निर्णय अ च्या बाजूने झाला, तर काम थोडं आहे. विमा कंपनी बदलायची ठरली, तर मात्र प्रीमियम भरण्याआधी तीन गोष्टी नव्या कंपनीकडून ईमेलवर घ्या, फोनवरच्या होकारावर थांबू नका. आधीच्या आजारांना आणि प्रसूतीला पहिल्या दिवसापासून कव्हर. सध्याच्या यादीतला प्रत्येक सदस्य, वयाची मर्यादा ओलांडलेले आई-वडील धरून, स्वीकारलेला. आणि ३१ मार्चला दाखल असलेल्या रुग्णाचा क्लेम कोण देणार. सहसा दाखल झाल्याच्या दिवशी जी पॉलिसी चालू होती तिच्यातून तो जातो, पण जुन्या टीपीएने एप्रिलमध्ये ‘पॉलिसी संपली’ म्हणून कॅशलेस थांबवलेलं मी पाहिलं आहे. ३१ मार्चला संध्याकाळी दाखल असलेल्यांची यादी जुन्या टीपीएकडून मागवून घ्या. साधारण तीन-चार नावं असतात. त्या प्रत्येक घरी त्याच संध्याकाळी एक फोन करा आणि डिस्चार्जच्या दिवशी कुठलं कार्ड दाखवायचं ते सांगा.